नाव कमी झालेल्या कंपन्यांची परतीची वाट

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी कंपनीची व्याख्या पाठ करतो, तेव्हा तिच्यात एक वाक्य हमखास असते. भागधारक येतात आणि जातात, संचालक बदलतात, मृत्यू पावतात, पण कंपनी कायम राहते. पाठ्यपुस्तकातले हे वाक्य खोटे नाही, मात्र ते अपुरे आहे. कायद्याने निर्माण केलेल्या या व्यक्तीला वार्धक्य नसले तरी तिचे नाव नोंदवहीतून कमी करता येते, आणि राजपत्रात एक सूचना प्रसिद्ध झाली की ती विसर्जित होते. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, अशा रीतीने गेलेली कंपनी पुढे वीस वर्षांपर्यंत परत आणता येते, आणि परत आल्यावर ती जणू कधी गेलीच नव्हती असे मानण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. हे जाणे आणि हे येणे, दोन्ही आजच्या व्यवस्थेत कशी चालतात आणि त्यांचा भार प्रत्यक्षात कोणावर पडतो, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. कंपनी सचिव आणि वकील यांच्या कार्यालयांपुरताच हा विषय राहिला आहे. वस्तुतः त्याचा संबंध गावोगावच्या बंद पडलेल्या कारखान्यांशी, त्यांच्या जमिनींशी आणि तेथे राबलेल्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांशी आहे.

१९५६ च्या कंपनी कायद्यात हे काम कलम ५६० खाली चाले. २०१३ च्या कायद्याने त्याची जागा कलम २४८ ते २५२ यांनी घेतली आणि ही कलमे २६ डिसेंबर २०१६ पासून अंमलात आली. कंपनीचे नाव दोन मार्गांनी कमी होते. पहिला मार्ग कंपनीने स्वतः पत्करावयाचा आहे. सर्व देणी फेडावयाची, विशेष ठराव करावयाचा किंवा भरणा झालेल्या भांडवलाच्या पंचाहत्तर टक्के इतक्या सभासदांची संमती घ्यावयाची, आणि अर्ज करावयाचा. दुसरा मार्ग निबंधकाचा आहे. लागोपाठ दोन आर्थिक वर्षे कंपनी कोणताही व्यवहार करीत नाही आणि तिने सुप्त कंपनीचा दर्जाही मागितलेला नाही, असे मानण्यास निबंधकाला वाजवी कारण असेल, तर तो कंपनीला आणि तिच्या संचालकांना नोटीस देतो व तीस दिवसांत म्हणणे मागतो. त्यानंतर जाहीर सूचना निघते आणि हरकतींसाठी पुन्हा तीस दिवस दिले जातात. हरकत आली नाही किंवा ती पटली नाही, तर राजपत्रातल्या सूचनेने कंपनी विसर्जित होते.

येथे ‘वाजवी कारण’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. निबंधक कोणाच्या कारखान्यात जाऊन भट्टी पेटलेली आहे की विझलेली, हे सहसा पाहत नाही. त्याच्या समोर असते ती फक्त नोंदवही. कंपनीने दरवर्षी दाखल करावयाचा ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र आले नाही, एवढेच ती नोंदवही त्याला सांगते. न आलेल्या कागदावरून तो कंपनी झोपलेली आहे असा तर्क करतो. तर्क पुष्कळदा बरोबर असतो, पण कागद न येणे आणि व्यवहार नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि व्यवहार नसणे व मालमत्ता नसणे या तर त्याहूनही निराळ्या.

नोटाबंदीनंतरच्या वर्षात हा तर्क फार मोठ्या प्रमाणावर लावला गेला. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केले की २,०९,०३२ कंपन्यांची नावे नोंदवहीतून कमी करण्यात आली आहेत, आणि त्यांच्या बँकखात्यांवरील व्यवहार रोखण्याचे निर्देश बँकांना देण्यात आले आहेत. बनावट कंपन्यांच्या नावाने काळा पैसा फिरविणाऱ्यांना आळा घालणे हा त्यामागचा घोषित उद्देश होता, आणि उद्देशाबद्दल वाद असण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे नुसत्या नावापुरत्या उरलेल्या कंपन्यांनी नोंदवही फुगलेली असणे हेही बरे नव्हे. परंतु काळा पैसा फिरविणारी कंपनी आपले कागद बहुधा वेळेवर भरते. तिचा हिशेबनीस पगारी असतो आणि नोंदवहीत स्वच्छ दिसणे हाच तिचा धंदा असतो. कागद थकतात ते धंदा बुडालेल्या, भागीदारांत बेबनाव झालेल्या, किंवा कर्ता पुरुष अंथरुणाला खिळलेल्या कंपनीचे. ज्या चाळणीने धूर्त निसटतो आणि थकलेला अडकतो, ती चाळणी उद्देशाला अनुरूप आहे असे म्हणता येणार नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते समजण्यासाठी एक काल्पनिक पण अगदी सर्वसाधारण उदाहरण घेऊ. कोल्हापूर परिसरात ओतकामाचे लहान कारखाने पुष्कळ आहेत. समजा, दोघा भावांनी १९९४ मध्ये अशी एक खासगी मर्यादित कंपनी काढली. कंपनीच्या नावाने वीस गुंठ्यांचा बिनशेती भूखंड घेतला, शेड उभारली, भट्टी बसविली. चौदा कामगार होते. २०११ मध्ये माल घेणारा मोठा ग्राहक तुटला आणि भट्टी विझली. पुढची दोन वर्षे हिशेब दाखल झाले, मग तेही थांबले. भावांना वाटले, धंदाच नाही तर हिशेब कसला दाखल करावयाचा? हा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. उलाढाल शून्य असली तरी ताळेबंद द्यावाच लागतो. २०१७ मध्ये निबंधकाची नोटीस निघाली ती नोंदणीकृत पत्त्यावर, म्हणजे कुलूप लावलेल्या शेडवर. जाहीर सूचना वृत्तपत्रात आणि संकेतस्थळावर आली ती शेकडो नावांच्या यादीत. कोणी हरकत घेतली नाही. त्या वर्षी कंपनीचे नाव कमी झाले.

भावांना हे सात वर्षे कळलेच नाही, आणि यात नवल काही नाही. सातबाऱ्यावर कंपनीचे नाव तसेच होते. घरपट्टीचे बिल येत होते, धाकटा भाऊ ते भरत होता. २०२३ मध्ये थोरला भाऊ वारला. २०२४ मध्ये भूखंडाला गिऱ्हाईक आले, दीड कोटीचा सौदा ठरला, आणि गिऱ्हाइकाच्या वकिलाने कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव शोधले. स्थितीच्या रकान्यात ‘स्ट्राइक ऑफ’ असे दोन शब्द होते. सौदा तेथेच थांबला. खरेदीखतावर सही करणार कोण? कंपनी नाही म्हणजे संचालक मंडळ नाही, मंडळ नाही म्हणजे ठराव नाही आणि ठरावाशिवाय कंपनीच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग जमीन कोणाची? भागधारकांची, असे उत्तर सहज सुचते आणि ते चूक आहे. भागधारक हा कंपनीच्या भागाचा मालक असतो, कंपनीच्या जमिनीचा नव्हे. विसर्जित झालेल्या कंपनीची मालमत्ता, तिला धनी उरला नाही तर, शासनाकडे जाते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये पिअर्स लेस्ली कंपनीच्या खटल्यात मांडले आहे, आणि राज्यघटनेच्या २९६ व्या अनुच्छेदात बेवारस मालमत्तेची तरतूद आहे. इंग्लंडच्या कायद्यात, कंपनी विसर्जित होताच तिची मालमत्ता राजसत्तेकडे जाते असे स्पष्ट कलम आहे. आपल्या २०१३ च्या कायद्यातील या प्रकरणात तसे कलम नाही. येणे वसूल करणे आणि देणी फेडणे एवढ्यापुरते कंपनीचे अस्तित्व कलम २५० शिल्लक ठेवते, पण उरलेल्या जमिनीचे काय करावयाचे हे सांगत नाही. त्यामुळे आमच्या उदाहरणातील भूखंड कागदोपत्री अशा एका व्यक्तीच्या नावावर आहे जी अस्तित्वात नाही. तो विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, आणि पडून राहिला तर त्यावर अतिक्रमण होते, ते हटविण्यासाठी दावा लावणाराही कोणी नसतो.

वाट एकच उरते, ती म्हणजे कंपनी परत आणणे. कलम २५२ मध्ये यासाठी दोन दारे आहेत. निबंधकाच्या आदेशाने बाधित झालेल्या कोणालाही तीन वर्षांच्या आत राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. तेथे मुद्दा असा असतो की नाव कमी करण्याची कारणेच मुळात नव्हती. आमच्या भावांना हे दार बंद आहे, कारण तीन वर्षे उलटून गेली आणि व्यवहार खरोखरच बंद होता. दुसरे दार वीस वर्षे उघडे राहते. कंपनी, सभासद, धनको किंवा कामगार यांपैकी कोणीही अर्ज करू शकतो, आणि न्यायाधिकरणाची एका गोष्टीविषयी खात्री पटावी लागते. एक तर नाव कमी झाले तेव्हा कंपनी व्यवहार करीत होती, किंवा अन्यथा तिचे नाव पुन्हा घालणे न्याय्य आहे. या ‘अन्यथा न्याय्य’ शब्दांवरच बहुतेक अर्ज तगतात. धंदा नसेल, पण जमीन आहे. जमीन अशी अधांतरी राहू देणे कोणाच्याच हिताचे नाही. म्हणून नाव पुन्हा घाला, असा युक्तिवाद असतो. न्यायाधिकरणे तो अनेकदा मान्य करतात.

अर्ज कोणी करावयाचा, येथेच पहिली अडचण येते. थोरल्या भावाची मुलगी वारस आहे, पण कायद्याच्या व्याख्येप्रमाणे सभासद तोच ज्याचे नाव कंपनीच्या सभासद नोंदवहीत आहे. तिचे नाव त्या नोंदवहीत चढवायचे तर भागांचे संक्रमण व्हावयास हवे, ते करणारी कंपनी मात्र अस्तित्वात नाही. वारसांना अर्ज करू देण्याबाबत न्यायाधिकरणे उदार राहिलेली दिसतात, तरी शहाणपण यात की धाकट्या भावाने सभासद म्हणून अर्ज करावा. तोही गेला असता तर प्रकरण पुष्कळ बिकट झाले असते. अर्जासोबत सातबाऱ्याचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, बँकेचा उतारा आणि थकलेल्या सर्व वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब जोडावयाचे. सुनावणीच्या निदान चौदा दिवस आधी अर्जाची प्रत निबंधकाला पोहोचली पाहिजे. निबंधक आपला अहवाल देतो. सर्व थकलेले कागद भरले तर आमची हरकत नाही, असाच त्याचा सूर बहुतेक वेळा असतो. आयकर खात्याचेही म्हणणे घेतले जाते. आदेश झाला की त्याची प्रमाणित प्रत तीस दिवसांत निबंधकाकडे दाखल करावयाची, मग पुन्हा राजपत्रात सूचना, आणि कंपनी जिवंत होते. हे तीस दिवस सांभाळावे लागतात. मिळालेला आदेश फडताळात ठेवून स्वस्थ बसणाऱ्यांची कंपनी नोंदवहीत परत येत नाही.

खरा खर्च आदेशानंतर सुरू होतो. कंपनी कधी गेलीच नव्हती असे मानावयाचे, म्हणजे गेलेल्या काळातले ताळेबंद आणि विवरणपत्रेही तिने द्यावयास हवीत. १ जुलै २०१८ पासून या दोन्ही कागदांच्या विलंबासाठी दररोज, दर कागदामागे शंभर रुपये अधिभार आहे आणि त्याला वरची मर्यादा नाही. एका वर्षाच्या विलंबाचे एका कागदाचे साडेछत्तीस हजार, दोन्हींचे त्र्याहत्तर हजार. आमच्या कंपनीची २०१३-१४ ते २०२२-२३ अशी दहा वर्षे थकली आहेत. कोविडकाळात मिळालेली मुदतवाढ बाजूला ठेवून ढोबळ हिशेब करू. २०२४ च्या शरद ऋतूत हे कागद भरले तर २०१७-१८ च्या कागदांना सहा वर्षांचा विलंब, पुढच्यांना पाच, चार, तीन, दोन आणि एक. एकूण एकवीस वर्षे, म्हणजे १५ लाख ३३ हजार रुपये. त्याआधीच्या चार वर्षांच्या कागदांवर जुलै २०१८ पासून प्रत्येकी सहा वर्षांहून थोडा अधिक अधिभार चढला, तो किमान साडेसतरा लाखांचा. म्हणजे सगळे मिळून तेहतीस लाख. जुन्या नियमांचा अधिभार, वकील, लेखापरीक्षक आणि न्यायाधिकरणाने लावलेला दंडखर्च निराळा. शासन अधूनमधून सवलतीच्या योजना काढते, २०१८ मध्ये आणि २०२० मध्ये अशा योजना आल्या होत्या. पण योजना येण्याच्या वेळी आपला अर्ज नेमका कोणत्या टप्प्यावर असेल, हे अर्जदाराच्या हातात नसते.

दीड कोटीच्या भूखंडासाठी तेहतीस लाख मोजणारा धाकटा भाऊ दातओठ खात का होईना, ते मोजेल. थोरल्याच्या मुलीला दुसरी संचालक म्हणून घेईल, कारण खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात. भूखंड विकेल, कर भरेल, उरलेला पैसा वाटेल आणि मग बहुधा दहा हजार रुपये शुल्क भरून नाव कमी करण्यासाठी अर्ज करील, या खेपेस स्वखुशीने. म्हणजे एका कंपनीला सही करण्यापुरते उठवावयाचे आणि सही झाली की पुन्हा निजवावयाचे, यासाठी एवढा खटाटोप. ज्या कंपनीची मालमत्ता पाच-सात लाखांची आहे, तिच्या भागधारकांनी हे करणे शक्यच नाही. त्यांच्यासाठी वीस वर्षांची मुदत कागदावरच राहते. परतीचा दरवाजा उघडा आहे खरा, पण त्यावरचा जकातनाका जमिनीच्या भावाकडे पाहून माणसे आत सोडतो.

हे सारे टाळता आले असते का? माझ्या मते आले असते, आणि त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नव्हती. २०१३ च्या कायद्यातच कलम ४५५ आहे. ते सुप्त कंपन्यांसाठी आहे. भावी प्रकल्पासाठी किंवा एखादी मालमत्ता धारण करण्यासाठी असलेली, आणि लक्षणीय हिशेबी व्यवहार नसलेली कंपनी स्वतः अर्ज करून सुप्त म्हणून राहू शकते. तिला वर्षाला एक साधे विवरणपत्र द्यावे लागते आणि पाहिजे तेव्हा जागे होता येते. अर्थात आमच्या भावांनी तो अर्ज केला नाही. अशा कलमाचे अस्तित्वही त्यांना ठाऊक नव्हते. परंतु त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाकडे कोणाचे लक्ष जात नाही. लागोपाठ दोन आर्थिक वर्षे कंपनीने ताळेबंद किंवा विवरणपत्र दाखल केले नाही, तर निबंधक तिला नोटीस देईल आणि तिचे नाव सुप्त कंपन्यांच्या नोंदवहीत घालील, असे ते पोटकलम म्हणते. ‘घालू शकेल’ असे नव्हे. भाषा कर्तव्याची आहे.

आता दोन्ही कलमे शेजारी ठेवा. दोन वर्षे कागद नाहीत, म्हणून कलम ४५५ प्रमाणे कंपनीला सुप्तांच्या नोंदवहीत टाकावयाचे. दोन वर्षे व्यवहार नाही असे मानण्यास कारण आहे, म्हणून कलम २४८ प्रमाणे तिचे नाव कमी करता येते. पुरावा मात्र दोन्हीकडे बहुधा एकच, तो म्हणजे न आलेले कागद. २०१७ मध्ये शासनाने यांतला टोकाचा मार्ग निवडला. सुप्तांच्या नोंदवहीत नाव गेले असते तर कंपनी मेली नसती, तिची जमीन अधांतरी झाली नसती, आणि संबंधितांना जागे होण्यास वेळ मिळाला असता. सलग पाच वर्षे सुप्त राहिलेल्या कंपनीचे नाव कमी करण्याची कारवाई सुरू करावी, असे नियमच सांगतात. म्हणजे नोंदवही साफ होण्याचे काम थांबले नसते, फक्त पाच वर्षे उशिरा झाले असते.

निबंधकाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. लाखो कंपन्यांपैकी कोणाकडे जमीन आहे हे त्याने शोधत बसावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. पण शोधण्याची गरजच काय? कंपनीने शेवटी दाखल केलेला ताळेबंद त्याच्याच दप्तरात आहे, आणि त्यात स्थावर मालमत्तेची ओळ असते. कर्ज घेतले असेल तर तारणाची नोंदही त्याच्याकडेच असते. नाव कमी करण्यापूर्वी कंपनीचे येणे वसूल होण्याची आणि देणी फेडली जाण्याची पुरेशी तजवीज झाली आहे, याची खात्री करून घ्यावी, असे कलम २४८ चे सहावे पोटकलम त्याला बजावते. ज्या ताळेबंदात जमीन दिसते आणि देणीही दिसतात, त्या कंपनीबाबत ही खात्री कोणत्या आधारावर पटली, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. अशा कंपन्या वेगळ्या काढून त्या आधी सुप्तांच्या नोंदवहीत घालाव्यात, एवढा साधा नियम केला तरी आज न्यायाधिकरणापुढे येणाऱ्या अर्जांचा एक मोठा वर्ग उद्भवणारच नाही.

येथपर्यंत मालकांची कैफियत झाली. पण त्या कारखान्यात चौदा कामगारही होते. त्यांपैकी एक भट्टीवाला घ्या. सोळा वर्षे नोकरी, कारखाना बंद झाला तेव्हा मासिक वेतन साडेसहा हजार. उपदानाच्या कायद्याप्रमाणे दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून, म्हणजे दर वर्षाचे ३,७५० रुपये. सोळा वर्षांचे साठ हजार. समजा, त्याने नियंत्रक अधिकाऱ्याकडून आदेश मिळविला, वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे गेला, आणि तेथे फाईल थांबली. पुढे कंपनीच नोंदवहीतून गेली. नाव कमी करण्यापूर्वी निबंधक आयकर, उत्पादन शुल्क आणि सेवाकर यांच्या अधिकाऱ्यांना पत्र पाठवून हरकती मागवील, अशी तरतूद २०१६ च्या नियमांत आली. शासनाचे कर बुडू नयेत याची काळजी घेतली गेली. भविष्यनिर्वाह निधी किंवा कामगार आयुक्त यांचे नाव त्या यादीत नव्हते.

कायद्याचे म्हणणे असे की कामगाराने घाबरू नये. कंपनी गेली तरी संचालक आणि सभासद यांची जबाबदारी, असल्यास, चालू राहते. तिची मालमत्ताही देणी फेडण्यासाठी उपलब्ध राहते. यातला ‘असल्यास’ हा शब्द नीट वाचावा. मर्यादित कंपनीच्या संचालकावर कंपनीच्या देण्याची वैयक्तिक जबाबदारी एरवी नसतेच, तेव्हा नसलेली जबाबदारी चालू राहिल्याने भट्टीवाल्याच्या हाती काही पडत नाही. मालमत्तेवर जप्ती आणता येते हे खरे, पण तहसीलदाराने नोटीस बजवायची कोणावर? येथे आयकर खात्याचे उदाहरण बोलके आहे. गोपाल श्री स्क्रिप्स या कंपनीविरुद्धचे खात्याचे अपील, कंपनीचे नाव कमी झाले या कारणावरून राजस्थान उच्च न्यायालयाने निरर्थक ठरविले होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि नाव कमी झाल्याने कंपनीची देणी संपत नाहीत, असे सांगितले. खाते सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकले. कंपन्या परत आणण्यासाठीही ते धनको म्हणून न्यायाधिकरणाकडे जाते. भट्टीवाल्यालाही तोच हक्क आहे. ‘कामगार’ हा शब्द २०१३ च्या कायद्याने मुद्दाम घातला, १९५६ च्या कलमात तो नव्हता. ही सुधारणा स्वागतार्ह होती. पण साठ हजारांसाठी मुंबईच्या न्यायाधिकरणापुढे वकील उभा करणारा कामगार मला तरी दिसत नाही. कामगाराचा अर्ज विनाशुल्क घ्यावा, आणि कंपनीचे थकलेले कागद भरण्याची अट त्याच्या मागणीच्या आड येऊ नये, असे नियमांत स्पष्ट लिहिल्याशिवाय हा शब्द केवळ शोभेचा राहील.

आणखी एक देणे असे असते की ते कारखाना बंद होताना कोणालाच ठाऊक नसते. ओतकामाच्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून जाऊन फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस हा रोग होतो. तो कामाच्या काळात क्वचितच उघड होतो, पुष्कळदा दहा-वीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसू लागतो. वीस वर्षांची मुदत आपण इंग्लंडच्या १९४८ च्या कायद्यावरून घेतली आणि १९५६ पासून आजतागायत तशीच ठेवली. इंग्लंडने मात्र ती बदलली. त्यांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे न्यायालयामार्फत कंपनी परत आणण्याची सर्वसाधारण मुदत सहाच वर्षे आहे, आपल्यापेक्षा पुष्कळ कमी. पण शारीरिक इजेच्या नुकसानभरपाईसाठी कंपनी परत आणावयाची असेल तर मुदतच नाही. तो अर्ज केव्हाही करता येतो. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने आजारी पडलेल्या कामगारांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण परत आलेल्या कंपनीच्या जुन्या विमापत्रावर दावा सांगता येतो. शिवाय, निबंधकाने स्वतःहून नाव कमी केलेली आणि त्या वेळी धंदा करीत असलेली कंपनी, सहा वर्षांच्या आत माजी संचालक किंवा सभासद यांच्या साध्या अर्जावर निबंधकच परत घेऊ शकतो. त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. आपल्याकडे चुकून नाव कमी झाल्याचे निबंधकाला स्वतःला कळले तरी त्यालाही न्यायाधिकरणाकडेच अर्ज करावा लागतो.

२०१७ च्या सूचनांपासून मोजलेली वीस वर्षे २०३७ मध्ये संपतील. त्या वर्षी निजवलेल्या कंपन्यांपैकी ज्यांची जमीन महाग आहे, त्या तोवर बहुतेक उठून, विकून, पुन्हा निजलेल्या असतील. उरलेल्यांच्या ताळेबंदात कोणाची किती देणी होती, हे शोधून काढणे आजही शक्य आहे, कारण ते ताळेबंद निबंधकाच्या संगणकात आहेत. शारीरिक इजेच्या आणि कामगारांच्या दाव्यांपुरती ही मुदत काढून टाकावयाची असेल, तर ती दुरुस्ती २०३७ पूर्वी संसदेत मांडली गेली पाहिजे.